उत्पन्न घटलं, हप्ता झेपेना: बँकेला कर्ज-पुनर्गठनाचा अर्ज कसा लिहावा

बरीच वर्षं मी कर्ज विभागात बसून असे अर्ज वाचले. त्यातले पुष्कळसे एकाच वाक्यावर संपायचे: 'तरी आमच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.' घरावर खरंच संकट कोसळलेलं असायचं आणि ते वाचताना मन हलायचं. पण अर्जात एकही आकडा नसायचा. दरमहा किती भरता येईल, किती महिने सवलत हवी, त्यानंतर काय, यातलं काहीच नसलं की तो अर्ज पुढच्या टेबलावर नेता येत नाही. निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्यासमोर नसतो. त्याच्या हातात फक्त कागद असतो, आणि तुमच्या वतीने त्या कागदालाच बोलायचं असतं.

पुनर्गठन म्हणजे कर्ज तेच ठेवून फेडीचं वेळापत्रक बदलणं. मुद्दल माफ होत नाही, व्याजही थांबत नाही. हप्ता लहान होतो किंवा काही महिने पुढे जातो, आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते. ती किंमत किती, हे अर्ज लिहिण्याआधीच माहीत हवं. त्यासाठी एका घराचं उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू या.

आधी हिशेब, मग पत्र

नवरा-बायको दोघं कमावते. त्याचा पगार ५८ हजार, तिचा ३२ हजार, मिळून ९० हजार. घरकर्जाची बाकी २४ लाख, व्याज वार्षिक ९ टक्के, १५ वर्षं उरलेली, हप्ता २४,३४२. मे महिन्याच्या शेवटी त्याचा विभाग बंद झाला आणि नोकरी गेली. जुलैपासून त्याला अर्धवेळ काम मिळालं, त्याचे २० हजार येतात. म्हणजे आता घरात ५२ हजार.

पहिलं काम खर्चाचं. मागच्या सहा महिन्यांचं खात्याचं विवरण समोर ठेवा आणि त्यावरूनच आकडे काढा, अंदाजाने नको. अंदाजाने काढलेला खर्च जवळपास नेहमीच कमी निघतो, कारण वर्षातून एकदा येणारी फी, विम्याचा हप्ता, दुरुस्ती हे डोक्यातून निसटतं. अशा रकमांना बारांनी भागून दरमहाच्या खर्चात धरा. या घराचा हिशेब असा निघाला: किराणा आणि घरखर्च १३ हजार, शिक्षण ७ हजार, वीज-पाणी-फोन ४ हजार, औषधं ३ हजार, प्रवास ३ हजार, विमा आणि एका छोट्या कर्जाचा हप्ता मिळून ३ हजार. एकूण ३३ हजार. ५२ मधून ३३ गेले, उरले १९.

या १९ हजारांतला शेवटचा रुपयासुद्धा हप्त्यात देऊ करू नका. एखादं आजारपण आलं की नवा हप्ताही चुकतो, आणि सवलत मिळाल्यावर चुकलेला हप्ता बँकेच्या नजरेत आधीच्या चुकीपेक्षा जड असतो. हजार बाजूला ठेवले, तर या घराची खरी क्षमता दरमहा १८ हजार.

नेमकं काय मागायचं

बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते मुदत वाढवून घेणं. करून पाहू. व्याजदर तोच धरला, तर १५ ऐवजी २० वर्षं केल्यावर हप्ता २१,५९३ होतो. २५ वर्षं केली तरी २०,१४१. दहा वर्षं वाढवूनही हप्ता जेमतेम चार हजारांनी उतरला आणि १८ हजारांपर्यंत पोचलाच नाही.

असं का होतं, ते एका साध्या गुणाकारात कळतं. २४ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच १८ हजार होतं. मुदत कितीही ताणली, तरी हप्ता या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. तुमची क्षमता महिन्याच्या व्याजाहून कमी असेल, तर नुसती मुदतवाढ मागणारा अर्ज मंजूर झाला तरी तुमची सुटका होणार नाही. म्हणून बाकी रक्कम गुणिले व्याजदर भागिले बारा, हा आकडा पत्राला हात घालण्यापूर्वी काढाच. मुदत, सवलत, कालावधी, पुढचं सगळं याच आकड्यावरून ठरतं.

दुसरा मार्ग म्हणजे काही महिने हप्ता पूर्ण थांबवणं. ऐकायला तो सगळ्यात सोपा वाटतो. पण त्या काळातलं व्याज मुद्दलात मिळतं आणि मग त्या व्याजावरही व्याज चढतं. या घराने सहा महिने काहीच भरलं नाही, तर २४ लाखांचे सुमारे २५ लाख १० हजार होतात आणि पुढच्या १५ वर्षांसाठी हप्ता २५,४५८ वर जातो. उत्पन्न अगदी शून्यावर आलं असेल तर दुसरा इलाज नसतो. इथे मात्र दरमहा १८ हजार येण्यासारखे आहेत, मग हा बोजा कशाला घ्यायचा?

तिसरा मार्ग या घराला बरोबर बसतो: ठरावीक महिने फक्त व्याज भरायचं. हप्त्याच्या २४,३४२ मध्ये आज १८ हजार व्याजाचे आणि ६,३४२ मुद्दलाचे आहेत. बारा महिने मुद्दलाचा भाग थांबला की घराला नेमकी तेवढी मोकळीक मिळते. बाकी २४ लाखच राहते, वाढत नाही. वर्षानंतर जुना हप्ता पुन्हा सुरू होतो आणि कर्ज १५ ऐवजी १६ वर्षांत फिटतं. याची किंमत म्हणजे त्या वर्षाचं व्याज, २ लाख १६ हजार. त्याच वर्षानंतर मुदत २० वर्षांची करून घेतली असती, तर मूळ वेळापत्रकाच्या तुलनेत दहा लाखांहून जास्त रक्कम गेली असती. दोन मार्गांतला हा फरक पाहिला, की 'मुदत वाढवून द्या' असं घाईने लिहू नका म्हणून मी इतकं का सांगते, ते लक्षात येईल.

फक्त व्याज भरण्याचीही क्षमता नसेल, तर व्याजाचा काही भाग भरून उरलेला पुढे ढकलण्याची मागणी करता येते. तेव्हा बाकी दरमहा थोडी वाढत जाईल हे स्वतःला माहीत असू द्या, आणि सवलतीचा काळ होईल तेवढा छोटा मागा.

केव्हा आणि कुणाला

हप्ता चुकण्याआधी. नियमित खात्याचा अर्ज आणि थकलेल्या खात्याचा अर्ज वेगवेगळ्या नजरेने वाचले जातात, आणि बऱ्याच बँकांत ते वेगवेगळ्या माणसांकडे जातात. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज बुडीताकडे चाललेलं समजलं जातं. ही रेषा बँकिंगमध्ये जवळपास सगळीकडे पाळतात, आणि ती ओलांडल्यावर शाखेच्या हातातले पर्याय झपाट्याने कमी होतात. आधीच एखाद-दुसरा हप्ता थकला असेल तरी अर्ज कराच. फक्त थकलेली रक्कम किती आणि ती कशी भरणार, हेही त्यात लिहा.

पत्र कर्जखातं ज्या शाखेत आहे तिथल्या शाखा व्यवस्थापकाच्या नावे लिहा. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या आणि ती पोच जपून ठेवा. ईमेलनेही तेच पत्र पाठवा. वसुलीसाठी फोन करणाऱ्या माणसाला तोंडी सांगितलेली अडचण म्हणजे अर्ज नव्हे. तो सभ्यपणे ऐकून घेईल, पण पुनर्गठन मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

सहकर्जदाराची सही लागतेच. जामीनदार असेल तर बँकेत जाण्याआधी त्याला भेटून सगळं सांगा. बँक त्याचीही संमती मागू शकते, आणि ही गोष्ट त्याला बँकेच्या फोनवरून कळणं बरं नाही.

पत्राचा नमुना

दीड पानाच्या वर जाऊ नका. आपल्या उदाहरणातल्या घराचं पत्र असं होईल:

*दिनांक: २० जुलै*

*प्रति,*
*मा. शाखा व्यवस्थापक,*
*(बँक व शाखेचे नाव)*

*विषय: गृहकर्ज खाते क्र. ______ : उत्पन्नात घट झाल्याने परतफेडीचे पुनर्गठन करण्याबाबत.*

*महोदय / महोदया,*

*वरील कर्जखाते आम्हा दोघांच्या नावे आहे. आजपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले असून खात्यावर थकबाकी नाही. सध्या बाकी सुमारे २४ लाख, मासिक हप्ता २४,३४२ आणि उर्वरित मुदत १५ वर्षे आहे.*

*३१ मे रोजी मुख्य अर्जदाराची नोकरी विभाग बंद झाल्यामुळे संपली. १ जुलैपासून त्यांना अर्धवेळ काम मिळाले आहे. त्यामुळे कुटुंबाचे मासिक उत्पन्न ९०,००० वरून ५२,००० झाले आहे (सहअर्जदार ३२,०००, मुख्य अर्जदार २०,०००). आवश्यक मासिक खर्च ३३,००० असून त्यात अन्य एका कर्जाचा हप्ता समाविष्ट आहे. तपशील सोबत जोडला आहे.*

*जून व जुलैचे हप्ते आम्ही बचतीतून पूर्ण भरले. बचत खात्यात आता ४०,००० शिल्लक आहेत. ऑगस्टचा हप्ताही पूर्ण भरू. त्यापुढे पूर्ण हप्ता भरणे आम्हाला शक्य होणार नाही.*

*आमची विनंती अशी:*
*१. ५ सप्टेंबरच्या हप्त्यापासून १२ महिने फक्त मासिक व्याज (सुमारे १८,०००) भरण्याची परवानगी मिळावी.*
*२. त्यानंतर सध्याचा हप्ता पुन्हा सुरू करून कर्जाची मुदत १२ महिन्यांनी वाढवावी.*

*मुख्य अर्जदार पूर्णवेळ नोकरीसाठी प्रयत्न करीत आहेत. कुटुंबाचे उत्पन्न ५८,००० च्या वर गेल्यास पूर्ण हप्ता भरणे शक्य होईल. तसे १२ महिन्यांआधी झाल्यास आम्ही बँकेला कळवून पूर्ण हप्ता लगेच सुरू करू.*

*या विनंतीवरील निर्णय, तसेच मंजुरी मिळाल्यास व्याजदर, शुल्क व नवे परतफेड वेळापत्रक, लेखी कळवावे ही विनंती. अधिक कागदपत्रे लागल्यास सादर करू.*

*आपले,*
*(मुख्य अर्जदार व सहअर्जदार यांच्या सह्या, पत्ता, फोन)*

*सोबत: नोकरी संपल्याचे पत्र, नव्या कामाचे पत्र, सहअर्जदाराच्या मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोघांच्या खात्यांची सहा महिन्यांची विवरणे, मासिक खर्चाचा तक्ता.*

यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. बचतीचे ४० हजार सांगितले आहेत, कारण विवरणात ते दिसणारच. दुसरं कर्जही सांगितलं आहे, कारण बँक तुमचा पतअहवाल काढते आणि त्यात ते असतं. लपवलेली छोटी गोष्ट सापडली की खऱ्या मोठ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते. ५८ हजारांचा आकडा हवेतला नाही: ३३ हजार खर्च अधिक २४,३४२ हप्ता, मिळून ५७,३४२. 'लवकरच चांगली नोकरी लागेल' असं लिहिण्यापेक्षा किती उत्पन्न झाल्यावर काय करू, हे सांगितलेलं वाचणाऱ्याला तपासता येतं. मागणी ऑगस्टऐवजी सप्टेंबरपासून केली आहे, कारण निर्णयाला काही आठवडे लागतात आणि अर्ज बँकेत असताना हप्ता चुकू द्यायचा नाही.

आजारपणामुळे उत्पन्न घटलं असेल, तर निदान आणि काम कधी सुरू करता येईल याबद्दल डॉक्टरांचं पत्र पुरतं. सगळी फाईल जोडू नका. व्यवसायातली घट असेल, तर मागच्या बारा महिन्यांचे खात्यात जमा झालेले आकडे महिन्यावार एका तक्त्यात मांडा. पगारपावती नसलेल्यांसाठी तोच सगळ्यात बोलका पुरावा असतो.

एका शब्दापासून मात्र फार सांभाळा. 'सेटलमेंट' किंवा 'तडजोड' हा शब्द या पत्रात कुठेही येऊ देऊ नका. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ पूर्ण रक्कम न भरता काही रकमेवर खातं मिटवणं असा होतो, आणि तशी नोंद पतअहवालात गेली की पुढची बरीच वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड होतं. अर्जदाराला हप्ता कमी करून हवा होता आणि त्याने 'सेटलमेंट करून द्या' असं लिहिलं, असे अर्ज मी पाहिले आहेत. तो कागद मग भलत्याच वाटेने जातो.

पत्र दिल्यावर

पोच मिळाली म्हणजे सवलत सुरू झाली, असं नाही. लेखी मंजुरी येईपर्यंत जुना हप्ता लागू असतो आणि ठरलेल्या तारखेला तो खात्यातून आपोआप वळता होणार असतो. ती आपोआप वळतीची सूचना स्वतःहून रद्द करू नका. रक्कम कमी पडली तर हप्ता परत जातो, त्यावर दंड लागतो आणि नियमित खात्याचं तुमचं म्हणणंच लटकं पडतं. कमी पडणारे पैसे क्रेडिट कार्डवर किंवा झटपट मिळणाऱ्या ॲप-कर्जावर उचलणं तर टाळाच. ९ टक्क्यांचा हप्ता भरायला त्याच्या कितीतरी पट व्याजाचं कर्ज डोक्यावर येतं आणि पुनर्गठनाचा सगळा हिशेब मोडतो.

आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही, तर पोच घेऊन शाखेत जा आणि अर्ज सध्या कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. एखादा कागद कमी असतो आणि कुणी कळवलेलं नसतं, असं फार वेळा होतं. बँक बारा महिन्यांऐवजी सहा महिने देऊ करेल किंवा थेट मुदतवाढ सुचवेल. तिथल्या तिथे होकार देऊ नका. तो आकडा घरी आणून आपल्या तक्त्यात बसवून बघा. आपल्या उदाहरणात २० वर्षांच्या मुदतीचा २१,५९३ चा हप्ता बँकेने सुचवला, तर तो क्षमतेहून साडेतीन हजारांनी जास्त आहे, आणि तसंच लेखी कळवायचं.

नकार आला तर कारण लेखी मागा. कागदाचं किंवा आकड्यांचं कारण असेल, तर ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. कारणच दिलं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर पोच जोडून बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहा. तिथेही काही झालं नाही, तर बँकांवर देखरेख करणाऱ्या नियामकाची तक्रार यंत्रणा असते. तिच्याकडे जाताना तारखांचे कागद हाताशी असावे लागतात.

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी ते शांतपणे वाचा. व्याजदर तोच आहे की वाढवला? शुल्क किती, आणि ते वेगळं भरायचं की मुद्दलात घातलं? सवलतीच्या काळात भरलेलं व्याज पूर्ण धरलंय, की काही भाग मुद्दलात मिळतोय? पतअहवालात या खात्याची नोंद 'पुनर्गठित' अशी जाणार का? तशी नोंद जात असेल तर नव्या कर्जावर तिचा परिणाम होतो, आणि निर्णय घेताना ते माहीत हवं. तरीही माझ्या मते चुकलेल्या हप्त्यांच्या रांगेपेक्षा ही नोंद परवडते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: कर्जासोबत घेतलेला विमा जुन्या मुदतीपर्यंतच असतो. कर्ज सोळाव्या वर्षात गेलं आणि विमा पंधराव्या वर्षी संपला, तर ते एक वर्ष घर उघड्यावर राहतं. विमा वाढवता येतो का, ते त्याच वेळी विचारा.

नवं वेळापत्रक हातात आल्यावर पहिल्या हप्त्याच्या दिवशी खातं उघडून बघा. मंजुरी १८ हजारांची झालेली असते, पण आपोआप वळतीची रक्कम बदलायची राहून जाते आणि खात्यातून २४,३४२ जातात. तसं झालं तर त्याच दिवशी मंजुरीपत्राची प्रत घेऊन शाखेत जा. आणि सवलतीच्या दहाव्या महिन्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा. उत्पन्न तोवर ५८ हजारांवर गेलं नसेल, तर दुसरा अर्ज त्या महिन्यात द्यायचा. तेव्हा २० वर्षांच्या मुदतीचा २१,५९३ चा हप्ता मागता येईल. त्याला घरात ५५ हजारांच्या आसपास उत्पन्न पुरतं, आणि ठरल्याप्रमाणे भरलेल्या दहा महिन्यांच्या नोंदी त्या अर्जाला जोडता येतील.